दुग्धाम्लावरील खोटा आळ

गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं आम्ही सहकुटुंब सिंहगडावर गेलों होतों. आमचें वय आतां साठीच्या पुढें गेलेलें. म्हणून आम्ही, आमच्या सौभाग्यवती व पुतणी कमल मोटारीनें थेट गडावर पोहोंचलों. पुतण्या रघुनाथ मात्र आतकरवाडीच्या पायवाटेनेंच चढून येणार म्हणून हट्टास पेटला. पायथ्यापासून माथा सुमारें सहाशें मीटर उंच. तो गडी ही चढण जवळजवळ धांवतच चढून आला. वर आला तेव्हां त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, छाती भात्यासारखी चालली होती, आणि मांड्यांत नुसती आग पेटली आहे असें तो धापा टाकीत सांगत होता. पुढें पिठलें-भाकरी झाली, मडक्यांतलें घट्ट दही झालें, आणि परततांना नेमका उलट प्रकार घडला. रघुनाथास कचेरीचें कांहीं निकडीचें काम निघाल्यामुळें तो आपल्या काकूस घेऊन मोटारीनें खालीं गेला; आणि कमलच्या आग्रहावरून आम्ही तिच्याबरोबर पायीं गड उतरलों. उतरतांना आम्हांस धाप लागली नाहीं, फारसा घामहि आला नाहीं. गप्पा मारीत, थांबत थांबत आम्ही खालीं आलों, आणि या वयांतहि आपले पाय शाबूत आहेत याचा थोडा अभिमानच वाटला.

हा अभिमान दुसऱ्या दिवशीं सकाळीं उतरला. अंथरुणांतून उठतांना दोन्ही मांड्यांचा पुढचा भाग जड व दुखरा झालेला. तिसऱ्या दिवशीं तर पाटावर बसण्यासाठीं भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि जिना चढण्यापेक्षां उतरणें हेंच संकट होऊन बसलें. कमलचीहि थोड्याफार प्रमाणांत हीच अवस्था होती. रघुनाथ मात्र जसाच्या तसा! आमचें कण्हणें ऐकून तो म्हणाला, "काका, तुमच्या पायांत लॅक्टिक ॲसिड सांचलें आहे. आमच्या जिमचे मास्तर नेहमीं सांगतात, तें रगडून बाहेर काढावें लागतें." शेजारच्या वहिनी तेथें बसल्या होत्या. लॅक्टिक ॲसिड म्हणजे दह्यातलें आंबट, एवढें त्यांना ठाऊक होतें. "तरीच!" त्या म्हणाल्या, "गडावर तें आंबट दही खाल्लेंत ना?" झालें! त्या दिवसापासून आमच्या पानावरचें ताक बंद झालें.

ताक बंद झालें याचें दुःख होतेंच. पण त्याहून अधिक खटकली ती त्या निदानांतली विसंगति. धाप लागली रघुनाथास, मांड्यांत आग पेटली ती त्याच्या. आणि अम्ल सांचलें तें मात्र आमच्या पायांत! दही तर सर्वांनीं सारखेंच खाल्लें होतें. आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या मनुष्यास असल्या वेळीं नैयायिकांची आठवण होणें साहजिक आहे. अमुक हें अमुकाचें कारण आहे असें म्हणावयाचें असेल, तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले पाहिजेत. कारण असेल तेथें कार्य दिसावें, आणि कारण नसेल तेथें कार्य दिसूं नये. येथें कारण दिसलें पुतण्यापाशीं आणि कार्य उपटलें काकापाशीं! म्हणून आम्हीं या विषयाचा जरा मुळापासून शोध घेण्याचें ठरविलें. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

आधीं आरोपीची ओळख. लॅक्टिक हा शब्द दूध या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. म्हणून आपण त्यास दुग्धाम्ल म्हणूं. शेले नांवाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानें तें १७८० सालीं नासलेल्या दुधांतून प्रथम वेगळें काढलें, आणि पुढें १८०७ मध्यें त्याचाच देशबंधु बर्झेलियस यास तें मांसांतहि आढळलें. मात्र त्यावर खरा आळ आला तो १९०७ नंतर. त्या वर्षीं केंब्रिज येथें फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनीं बेडकाचे स्नायु घेऊन असें दाखविलें कीं, प्राणवायु न देतां स्नायूस पुन्हां पुन्हां आकुंचन पावावयास लाविलें म्हणजे त्यांत दुग्धाम्ल वाढत जातें, स्नायु थकतो. आणि प्राणवायु दिला कीं तें नाहींसें होतें. पुढें हिल आणि मेयरहोफ यांनीं हें संशोधन पुष्कळच पुढें नेलें, आणि १९२२ सालचें वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें.

हे प्रयोग खोटे नव्हते. परंतु त्यांत दुसऱ्या दिवशींच्या दुखण्याचा प्रश्नच नव्हता. एका बशींत ठेवलेल्या बेडकाच्या तंगडीस दुसऱ्या दिवशीं काय वाटतें हें कोण सांगणार? दुग्धाम्ल आणि थकवा एकत्र दिसले, थकव्यानंतर दुखणें येतें हें सर्वांस ठाऊक होतें, आणि लोकांनीं मधली कडी आपल्या पदरची जोडून दिली. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गांठ पडली, एवढ्यावर हा खटला निकालांत निघाला.

आतां पहिला आक्षेप घेऊं, तो काळाचा. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या एक लिटर रक्तांत साधारण नव्वद मिलिग्रॅम दुग्धाम्ल असतेंच. मात्र तें तेथें आंबट अम्लाच्या रूपानें नसून 'लॅक्टेट' या लवणाच्या रूपानें असतें. भरधांव धांवल्यानें तें दहापट, बारापटहि होतें. समजा, रघुनाथ माथ्यावर पोहोंचला तेव्हां त्याच्या रक्तांत तें बारापट झालें होतें. म्हणजे नेहमींचा एक वांटा सोडून अकरा वांटे जास्त. स्वस्थ बसल्यावर हा जास्तीचा भाग साधारण वीस मिनिटांत निम्मा होतो. कोणाचा पंधरा मिनिटांत, कोणाचा पंचवीस. म्हणजे वीस मिनिटांनीं साडेपांच वांटे उरले, चाळीस मिनिटांनीं पावणेतीन, आणि तासाभरानें सुमारें दीड. दोन तासांनीं तर एका वांट्याचा पांचवा हिस्साहि उरत नाहीं. आमची पिठलें-भाकरी होऊन दह्याचीं मडकीं रिकामीं होईतों त्याच्या अंगांतलें बहुतेक दुग्धाम्ल आपोआप निवळलें होतें. उलट हें अंग दुखणें सुरू होतें कांहीं तासांनीं, आणि कळसास पोहोंचतें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं. चोर रविवारीं दुपारींच गांव सोडून गेला, आणि चोरी झाली मंगळवारीं. अशा चोरास शिक्षा कोणत्या न्यायानें द्यावयाची?

तें जातें कोठें, हेंहि समजून घेण्यासारखें आहे. घाम-लघवींतून टाकून द्यावयाचा तो मळ नव्हे. कांहीं भाग हृदय आणि इतर स्नायु सरपणासारखा जाळून शक्ति मिळवितात. कांहीं भाग यकृतांत जाऊन त्याची पुन्हां साखर बनते, व ती साखर रक्तावाटे परत स्नायूंस मिळते. हा फेरा १९२९ मध्यें कोरी या पति-पत्नींनीं उलगडला. पुढें १९४७ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. म्हणजे ज्यास आपण विष समजून रगडून बाहेर काढूं पाहतों, तें शरीराच्या दृष्टीनें अर्धवट जळलेलें पण पुन्हां वापरण्याजोगें इंधन आहे. रगडल्यानें बरें वाटतें हें खरें. पण तासाभरांतच निघून गेलेली वस्तु दुसऱ्या दिवशीं रगडून निघणार तरी कशी?

यावर कोणी म्हणेल, अम्ल गेलें तरी त्यानें केलेली इजा मागें राहात असेल. शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर एका साध्या प्रयोगानें मिळालें. १९८३ मध्यें अमेरिकेंत श्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं माणसांस फिरत्या पट्ट्यावर पाऊणपाऊण तास दोन तऱ्हांनीं धांवविलें. एकदां पट्टा सपाट ठेविला, आणि एकदां उताराचा, म्हणजे दहा फुटांस एक फूट उतरता. दोन्ही वेळां रक्तांतलें दुग्धाम्ल मोजलें आणि पुढें तीन दिवस दुखण्याची नोंद ठेविली. सपाटीवर धांवतांना दुग्धाम्ल चांगलेंच वाढलें, पण मागून म्हणण्यासारखें कांहीं दुखलें नाहीं. उतारावर दुग्धाम्ल वाढलेंच नाहीं, आणि दुखलें मात्र चांगलें. जेथें कारण म्हणावें तेथें कार्य नाहीं, आणि कार्य आहे तेथें कारण नाहीं! अन्वयहि गेला आणि व्यतिरेकहि. नैयायिकानें याहून अधिक काय मागावें?

आरोपी सुटला, मग खरा गुन्हेगार कोण? सिंहगडावरच्या आमच्या प्रकारांतच तें उत्तर होतें: उतरणें. वर चढतांना मांडीचा पुढचा स्नायु आंखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरतांना गुडघा वांकत असतो, त्यामुळें तोच स्नायु लांबत जातो. पण सैल पडून नव्हे, तर शरीराचा भार तोलून धरीत. विहिरींतून बादली ओढणें ही पहिली क्रिया, आणि भरलेली बादली दोर हातांतून सरकूं देत हळूहळू खालीं सोडणें ही दुसरी. सोडतांना दम लागत नाहीं, पण तळहात कोणत्या वेळीं सोलवटतात तें ज्यानें केलें आहे त्यास ठाऊक आहे.

हें सोडण्याचें काम किती स्वस्त असतें याचा एक मौजेचा देखावा १९५२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटींत झाला होता. ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघा संशोधकांनीं दोन सायकली पाठीला पाठ लावून एका सांखळीनें जोडल्या. एकानें पायडल पुढें मारावयाचें, आणि दुसऱ्यानें त्यास अडवावयाचें. अडविणाऱ्याचे पाय मागें मागें ढकलले जात आणि त्याचे स्नायु भार धरीत लांबत. जोर दोघांचा सारखाच. तरीहि लहानखुऱ्या बाईनें अडविण्यास बसावें, आणि धिप्पाड पुरुषानें पायडल मारून मारून घामाघूम होऊन हार खावी, असें दृश्य प्रेक्षकांस पाहावयास मिळालें! भार सोडणाऱ्यास प्राणवायु फार थोडा लागतो, कारण त्या कामीं स्नायूंतले थोडेच तंतु लागतात.

पण स्वस्ताईची किंमत येथेंच आहे. तंतु थोडे, भार तेवढाच. म्हणून प्रत्येक तंतूवर ओढ जास्त. स्नायूचा प्रत्येक तंतु हा सूक्ष्मदर्शकाखालीं आडव्या पट्ट्या विणलेल्या वस्त्रासारखा दिसतो. भार धरून लांबतांना त्यांतल्या दुबळ्या पट्ट्या मर्यादेबाहेर ताणल्या जातात आणि वीण विस्कटते. १९८१ सालीं स्वीडनमध्यें फ्रिडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं माणसांस पुष्कळ वेळ जिने उतरावयास लावून, मागाहून त्यांच्या दुखऱ्या स्नायूंचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. तेव्हां हीं विस्कटलेलीं ठिकाणें प्रत्यक्ष दिसलीं. आश्चर्य हें कीं, अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हॉ यानें १९०२ मध्येंच, बोटानें वजन ओढण्याच्या प्रयोगांवरून, दमण्याचें दुखणें वेगळें आणि मागाहून येणारें वेगळें, व मागाहून येणारें हें स्नायूच्या आंतील सूक्ष्म फाटण्यामुळें असावें, असें लिहून ठेविलें होतें. म्हणजे खरें उत्तर बेडकाच्या प्रयोगाच्या पांच वर्षें आधींच सांगितलें गेलें होतें. तें मागें पडलें इतकेंच.

ही इजा लगेच कां दुखत नाहीं? कारण नुसती वीण विस्कटल्यानें वेदना होत नाहीं. शरीर तेथें डागडुजी सुरू करतें. पेशी जमतात, थोडी सूज येते, आणि डागडुजीच्या या धांदलींत जीं द्रव्यें सुटतात त्यांमुळें त्या जागेचे ज्ञानतंतु हळवे होतात. एरवीं ज्या दाबाकडे वा ताणाकडे आपलें लक्षहि जात नाहीं, तोच आतां टोंचूं लागतो. म्हणूनच स्वस्थ बसलें असतां फारसें दुखत नाहीं. दाबलें, ताणलें, जिना उतरलों, कीं दुखतें. या हळवेपणास यावयास एक दिवस लागतो. मात्र इजा जेवढी तेवढीच वेदना, असा सरळ हिशेब नाहीं. थोड्या इजेंत पुष्कळ दुखतें आणि कधीं उलटहि घडतें. स्नायूंवरील पातळ आवरणाचाहि या दुखण्यांत वांटा आहे असें आतां मानतात. शेवटल्या कड्यांवर संशोधन अजून चालूं आहे. पण त्या सांखळींत दुग्धाम्लास जागा नाहीं, यावर शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाहीं.

हें सारें आम्हीं रघुनाथास सांगितलें तेव्हां त्यानें चांगला वकिली मुद्दा काढला. "काका, मी रोज व्यायाम करणारा, तुम्ही कधीं न करणारे. म्हणून तुम्ही दुखलांत, मी नाहीं. त्यांत उतरण्याचा काय संबंध?" मुद्दा खरा होता; दोन निरनिराळ्या माणसांची तुलना पक्की नव्हे. मग १९८३ मध्येंच इंग्लंडांत झालेला एक प्रयोग आम्हीं लहान प्रमाणांत घरीं करून पाहिला. आमचा धाकटा मुलगा दिवसभर संगणकापुढें बसणारा, गडावर न आलेला. त्यासच उभें केलें. सव्वा फूट उंचीचा भक्कम चौरंग मांडला. चढतांना उजवा पाय आधीं वर ठेवावयाचा व त्यावर जोर देऊन अंग उचलावयाचें. आणि उतरतांनाहि उजवाच पाय आधीं खालीं न्यावयाचा, म्हणजे तो भुईस टेकेपर्यंत सारा भार डाव्या, वांकत्या पायावर तोलला जातो. उजव्यानें सदा उचलावयाचें, डाव्यानें सदा सोडावयाचें. असें त्यानें सावकाश पंधरा मिनिटें केलें. करीत असतांना उजवी मांडी भरून आली, उजवाच पाय दमला. डाव्याचें त्यास भानहि नव्हतें. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो आमच्यापुढें येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, डावी दुखते!" उजवी ठणठणीत.

वाचकांनीं यांतली खुबी ध्यानीं घ्यावी. मनुष्य एक, दिवस एक, जेवण एक, आणि मुख्य म्हणजे दोन्ही पायांत खेळणारें रक्त एक. उजवा पाय अधिक दमला असूनहि दुखला डावा. रघुनाथाचा वकिली मुद्दा येथें संपला. मात्र ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांस हृदयाचा विकार आहे, त्यांनीं हा प्रयोग करण्याच्या फंदांत पडूं नये.

त्याच्या मुद्यांतला खरा अंश मात्र आम्ही सोडीत नाहीं. संवय असलेला स्नायु दुखत नाहीं, हें अगदीं बरोबर आहे. एकदां असें दुखून बरा झालेला स्नायु तेंच काम कांहीं आठवड्यांनीं पुन्हां केलें तर फारच कमी दुखतो. एका वेळेच्या इजेनेंच तो पुढच्या वेळेची तयारी करून ठेवितो. आमच्या लहानपणीं गांवच्या तालमींत नव्या मुलास वस्ताद पहिल्या दिवशीं मोजक्याच बैठका काढूं देत, आणि मग चढत्या क्रमानें वाढवीत. बैठकेंत खालीं जाणें म्हणजे हेंच भार सोडणें. वस्तादांस तंतूंची वीण ठाऊक नव्हती, पण क्रम ठाऊक होता. दुखण्यावर उपाय म्हणाल तर मुख्य उपाय हा क्रमच. ऊन पाण्याचें स्नान, हलकें तेल चोळणें, थोडें चालणें यांनीं तेवढ्यापुरता आराम पडतो. आधीं-मागून अंग ताणण्यानें मात्र म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. तीनचार दिवसांत, फार तर आठवड्याभरांत, दुखणें आपणच जातें.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, कारण कांहीं कां असेना, दुखणें जातें तर हा एवढा काथ्याकूट कशाला? त्याचें उत्तर आम्हांस एका घरीं मिळालें, आणि खरें सांगावयाचें तर हा लेख लिहावयास आम्ही बसलों तो त्यामुळेंच.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा, वय वर्षें एकोणीस, पोलीसभरतीच्या तयारीसाठीं एका वर्गांत जाऊं लागला. पूर्वींची संवय शून्य. पहिल्याच दिवशीं मुलांत चढाओढ लागली, आणि यानें कांहींशें बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशीं मांड्या दुखूं लागल्या. शिकविणारे म्हणाले, "लॅक्टिक ॲसिड आहे, आणखी मेहनत कर म्हणजे जळून जाईल." मुलगा आज्ञाधारक, त्यानें पुन्हां मेहनत केली. तिसऱ्या दिवशीं मांड्या सुजून टणक झाल्या, जागेवरून उठतां येईना, आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली. घरच्यांस वाटलें, अम्लच बाहेर पडत आहे, चांगलेंच आहे! वेदनाशामक गोळ्या चालूंच होत्या. सुदैवानें आजीस तो रंग पाहवला नाहीं व तिनें हट्ट धरून त्यास इस्पितळांत नेववलें.

डॉक्टरांनीं सांगितलें तें असें. स्नायूंची वीण नुसती विस्कटली नव्हती, तंतु पुष्कळ प्रमाणांत फुटले होते. त्यांच्या आंतलें तांबडें रंगद्रव्य रक्तांत उतरलें होतें. लघवीचा तो रंग त्याचाच. हें द्रव्य मूत्रपिंडांस घातक असतें, आणि वेदनाशामक गोळ्यांपैकीं पुष्कळशा त्या स्थितींत मूत्रपिंडांवर अधिकच भार टाकतात. शिरेंतून सलाईन चालविलें, रक्ताच्या तपासण्या रोज झाल्या, आणि आठवड्यानें मुलगा धडधाकट घरीं आला. आणखी एक-दोन दिवस 'अम्ल जाळण्यांत' गेले असते तर काय झालें असतें, हें डॉक्टरांनीं सांगितलें नाहीं आणि त्या आजीनें विचारलेंहि नाहीं.

म्हणून खूण पक्की लक्षांत ठेवावी. नेहमींचें दुखणें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं वाढून मग ओसरूं लागतें, मनुष्य कण्हतो पण चालतो, आणि लघवीचा रंग बदलत नाहीं. उलट लघवी तांबूस-काळी झाली, अवयव टणक सुजला, किंवा हातपाय उचलण्याची शक्तीच गेली, तर तास न दवडितां इस्पितळ गांठावें, आणि मनानें गोळी घेऊं नये. दुग्धाम्लाची कल्पना निरुपद्रवी वाटते. पण ती धरून बसलेल्यास मेहनत वाढविणें हाच उपाय सुचतो, आणि फुटलेल्या स्नायूवर तोच घाव ठरतो.

आमच्या पायांचें म्हणाल तर ते पांचव्या दिवशीं मोकळे झाले. रघुनाथ हें सर्व आपल्या जिमच्या मास्तरांस सांगून आला. त्यांनीं ऐकून घेतलें, आणि नव्या मुलांस पहिल्या आठवड्यांत उतरत्या वजनाचे व्यायाम थोडे देऊं, असें ते म्हणाले, एवढें आम्हांस पुरेसें वाटलें. राहतां राहिला ताकाचा प्रश्न. सौभाग्यवतींस आम्हीं सांगितलें कीं, दह्यातलें अम्ल पोटांतून मांडीत जाऊन बसत नाहीं, शरीर त्याचेंहि इंधनच करतें; आणि तुम्ही स्वतः गडावर आमच्याहून एक वाटी दही अधिक खाल्लें होतेंत, तुमचे पाय कां दुखले नाहींत? त्या क्षणभर थांबल्या. "मी मोटारीनें उतरलें," त्या म्हणाल्या.

अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही स्वयंपाकघरांतच जुळले. त्या दिवशीं पानावर ताक आलें.